३० लाखांतून नियमित उत्पन्न: जळगावात भाड्याचा फ्लॅट घ्यावा की रीट?

बोरीकाठचा

नमस्कार मंडळी. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. पेन्शन ३५ हजारांच्या आसपास बसली आहे. निवृत्तीच्या पैशांतले ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले, तिथली मर्यादा तेवढीच. आई ५७ ची आहे, तिच्या नावाने ते खातं अजून उघडता येत नाही. आणखी साधारण ३० लाख बँकेत पडून आहेत.

वडिलांना जळगावात पिंप्राळ्याकडे जुना दोन बीएचके घेऊन भाड्याने द्यायचा आहे. मालक २७ लाख सांगतो, तसल्या फ्लॅटला भाडं ८ हजार मिळतं म्हणतात. माझं मत रीटकडे, म्हणजे भाड्याने दिलेल्या ऑफिस-मॉलच्या इमारतींत शेअरसारखा हिस्सा घेण्याकडे झुकतंय, कारण तिथे वर्षाला सहा टक्क्यांच्या आसपास हातात येतात असं वाचलं. पण वडील एकच वाक्य बोलतात: "घर दिसतं, कागद दिसत नाही." आमच्या आजोबांचे पैसे एका पतसंस्थेत अडकले ते शेवटपर्यंत निघाले नाहीत, त्यामुळे त्यांना मी वाद घालून गप्प करू शकत नाही आणि करायचंही नाही. मला खरा हिशेब हवा आहे. वर्षाच्या शेवटी हातात नेमकं किती उरतं?

केळीबाग_रावेर

भाऊ, यात पडू नको. आमच्याकडे एक जण आला होता, शहरातल्या मॉलमध्ये गाळा बुक करा, बांधकाम होईपर्यंत दर महिन्याला एक टक्का हमखास. दीड वर्ष चेक आले, मग बंद. गाळाही नाही, पैसाही नाही. नाव वेगळं असेल पण वस्तू तीच. सरांचे पैसे आयुष्यभराचे आहेत.

एरंडोलची_लेक

केळीबाग दादा, तुमचं झालं ते वाईट झालं, पण ती वस्तू वेगळी होती. तिथे बिल्डर स्वतःच्या खिशातून, म्हणजे खरं तर पुढच्या गिऱ्हाइकाच्या पैशातून, हमीचा चेक देत होता. इमारत उभीच नव्हती, तर भाडं कुठून येणार?

मी पुण्यात एका ऑफिस पार्कच्या लीज विभागात बारा वर्षं काम करते, म्हणून आतून सांगते. रीटमध्ये हमी कुणीच देत नाही. सेबीच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे रीटची किमान ८० टक्के मालमत्ता बांधून पूर्ण झालेली आणि भाडं देणारी असावी लागते. वाटपासाठी जी रोख रक्कम निघते तिच्यातले किमान ९० टक्के युनिटधारकांना, म्हणजे रीटचे हिस्से घेतलेल्यांना, द्यावेच लागतात. पहिला रीट एम्बसीचा, २०१९ ला शेअर बाजारात आला. त्यानंतर माइंडस्पेस, ब्रुकफील्ड आले, मॉलचा नेक्सस २०२३ ला आला. युनिट डीमॅट खात्यात येतं, हवं तर एक युनिटसुद्धा घेता येतं. कुणी घरी येऊन "रीटची स्कीम" म्हणून रोख किंवा चेक मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा, त्यात तुमचा इशारा शंभर टक्के खरा आहे.

निव्वळ हिशेबाकडे नंतर येते. आधी फ्लॅटवाल्यांनी बोलावं, मला जळगावचं भाडं माहीत नाही.

भुसावळ_लोको

मी बोलतो. माझा भुसावळला एक बीएचके आहे, २०१६ पासून भाड्याने. रेल्वेत असल्यामुळे भाडेकरू मिळायला अडचण नाही असं वाटलं होतं. पहिले दोन भाडेकरू चांगले गेले. तिसऱ्याच्या वेळी मी अकरा महिन्यांचा करार स्टॅम्पपेपरवर केला, नोंदणी केली नाही, हजार रुपये वाचवले. सहाव्या महिन्यापासून भाडं थांबलं. वर तो म्हणाला, भाडं साडेसहा नाही, चार हजार ठरलं होतं. वकिलाने सांगितलं तेव्हा कळलं, महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी करणं मालकाची जबाबदारी आहे, आणि नोंदणी नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरतात. चौदा महिने गेले घर मोकळं व्हायला. आता ऑनलाइन नोंदणी करतो, दोघांचे अंगठे घेऊन, पोलिसांकडे माहिती देऊन. तेव्हापासून त्रास नाही.

माझं म्हणणं फ्लॅट घेऊ नका असं नाही. पण ८ गुणिले १२ म्हणजे ९६ हजार, हा आकडा डोक्यातून काढा.

बोरीकाठचा

लोको भाऊ, मग कोणता आकडा धरू? तुम्ही नऊ वर्षं हे केलंय, तुमच्या अंदाजाने सांगा.

भुसावळ_लोको

बसून लिहिलं, बघा.

आधी घालायचे पैसे. फ्लॅट २७ लाख. मुद्रांक शुल्क सहा टक्के म्हणजे १ लाख ६२ हजार. एकट्या आईच्या नावावर घेतला तर एक टक्का सवलत, २७ हजार वाचतील, ते जरूर करा. नोंदणी एक टक्का, २७ हजार. दलाली तेवढीच. जुना फ्लॅट आहे म्हणजे रंग, नळ, एक संडास तरी उघडावं लागतं, पंखे, वायरिंग. ७५ हजारांच्या आत मला कधी जमलं नाही. घर ३० लाखांनाच पडतं.

आता येणारे. दोन भाडेकरूंच्या मध्ये घर एखादा महिना मोकळं राहतंच, म्हणून अकरा महिने धरा, ८८ हजार. सोसायटीचं मेंटेनन्स महिना ७०० धरलं तर ८,४०० गेले, आणि हे घर मोकळं असलं तरी द्यावं लागतं. घरपट्टी-पाणीपट्टीचे साधारण ६ हजार. दुरुस्ती एखाद्या वर्षी शून्य, एखाद्या वर्षी २५ हजार. सरासरी ८ हजार. करार, नोंदणी, एजंटचा हिस्सा मिळून ४ हजार. उरले ६१,६००. महिन्याला पाच हजार शंभर.

३० लाखांवर दोन टक्के झाले.

बोरीकाठचा

दोन टक्के? मी तीन तरी धरले होते. वडिलांना हा कागद तसाच दाखवतो.

सारंगखेडेकर

लोको भाऊंचा हिशेब बरोबर, पण अर्धवट. फ्लॅटची किंमत वाढते ती कुठे धरली? माझ्या मेव्हण्याने २०१० ला धुळ्यात देवपूरला ११ लाखांना घेतला, आता २८ ला मागणी आहे. शिवाय भाडंही वाढतं. आणि उद्या सरांना दवाखान्यासाठी जळगावात राहायचं झालं तर स्वतःचं घर आहे. रीटच्या युनिटमध्ये राहता येतं का?

पांझरा_७२

आणि रीटचे सहा टक्के हे पण खोटेच आहेत. मी दोन वर्षं धरले होते म्हणून सांगतो. वाटपाच्या पत्रात "कर्जाची परतफेड" असा एक आकडा असतो. म्हणजे तुमचंच भांडवल तुम्हाला परत देतात आणि उत्पन्न म्हणून दाखवतात. माझ्या पत्रात जवळजवळ निम्मं तसलंच होतं. वर उरलेल्यावर ३० टक्के कर. मी विकून बाहेर पडलो.

एरंडोलची_लेक

पांझरा दादा, तुम्ही पत्र वाचलंत हे फार चांगलं, बहुतेक लोक बँकेत जमा झालेला आकडा बघून थांबतात. पण त्या ओळीचा अर्थ थोडा वेगळा आहे, आणि हाच मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे.

इमारती रीटच्या थेट नावावर क्वचितच असतात. प्रत्येक पार्कसाठी खाली एक कंपनी असते, रीट त्या कंपनीचा मालक. आमच्यासारख्यांनी गोळा केलेलं भाडं आधी त्या कंपनीत येतं. रीटने त्या कंपनीला कर्जही दिलेलं असतं. मग भाड्याचा पैसा वर रीटकडे जायला तीन वाटा होतात: कंपनी रीटला व्याज देते, लाभांश देते, किंवा कर्जाचं मुद्दल फेडते. नावं तीन, उगम एकच: भाडेकरूने दिलेलं भाडं.

मुद्दल का फेडायचं, लाभांशच का नाही? कारण कंपनीच्या हिशेबात दरवर्षी इमारतीचा घसारा वजा होतो. तो कागदावरचा खर्च, रोख कुठे जात नाही. त्यामुळे नफा कमी दिसतो पण बँकेत रोख जास्त असते. लाभांश नफ्यातूनच देता येतो, म्हणून उरलेली रोख कर्जफेडीच्या वाटेने वर येते. लोको भाऊंच्या फ्लॅटलाही घसारा आहेच, फक्त ते तो वहीत लिहीत नाहीत. दर आठ-दहा वर्षांनी तो रंग आणि नळांच्या रूपाने येतो.

पण "तुमचं भांडवल परत" हे कराच्या बाजूने अर्धं खरं आहे. सोपं उदाहरण घेते, आकडे गोल केलेले आहेत. समजा युनिट ४०० रुपयांना घेतलं आणि एका तिमाहीत ६ रुपये आले. त्यात व्याज ६० पैसे, लाभांश ३ रुपये, कर्जफेड २ रुपये ३५ पैसे, इतर ५ पैसे. वर्षाचे २४ रुपये, म्हणजे सहा टक्के. यातल्या कर्जफेडीच्या भागावर आज कर लागत नाही, पण तुमची खरेदी किंमत तेवढ्याने कमी होते. वर्षाला ९ रुपये ४० पैसे. दहा वर्षांनी तुमची ४०० ची खरेदी आयकराच्या नजरेत ३०६ झालेली असेल. तेव्हा ४५० ला विकलं तर तुम्हाला नफा ५० वाटेल, पण कर १४४ वर मोजला जाईल. हे माहीत नसलं की विकताना धक्का बसतो. म्हणून प्रत्येक तिमाहीचं पत्र एका फाइलमध्ये लावून ठेवा. दहा वर्षांनी ती पत्रं शोधत बसणं फार अवघड होतं.

३० टक्के कर तुम्हाला लागला, कारण तुमचा स्लॅब तो होता. सरांचं तसं नाही. पेन्शन वर्षाला ४ लाख २० हजार, बचत योजनेचं व्याज ८.२ टक्क्यांनी २ लाख ४६ हजार. त्यात रीटचे सगळे १ लाख ८० हजार मिळवले तरी साडेआठ लाखांच्या आत. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य होतो. व्याजाच्या भागातून रीट १० टक्के टीडीएस कापेल, तो विवरणपत्र भरून परत मागायचा. म्हणून घ्यायचं असेल तर वडिलांच्या नावाने घ्या, तुमच्या नको.

पांझरा_७२

घसाऱ्याचं मला कुणी असं सांगितलं नव्हतं. पण ताई, एक शंका राहतेच. इमारत जुनी होणार, घसारा खरा आहे असं तुम्हीच म्हणता. मग ती सगळी रोख वाटून टाकली तर वीस वर्षांनी इमारत नव्याने बांधायला पैसा कुठून येणार?

एरंडोलची_लेक

याला माझ्याकडे पूर्ण समाधान देणारं उत्तर नाही. मोठ्या दुरुस्त्या वाटपाआधी थोड्या वजा होतात, पण नव्या टॉवरसाठी रीट कर्ज काढतात किंवा नवी युनिटं विकतात. कर्जाला मालमत्तेच्या किमतीच्या ४९ टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे तुमचा प्रश्न पुढे ढकलला जातो, मिटत नाही. जमिनीची किंमत वाढली तर निभावतं, असं आजवर तरी दिसलंय. भारतात रीट इतके नवे आहेत की वीस वर्षांचा अनुभव कुणाकडेच नाही.

बोरीकाठचा

ताई, मग वाटप भाड्यातून येतंय की कर्ज काढून, हे माझ्यासारख्याने ओळखायचं कसं? आणि वाटप कमी होऊ शकतं का?

एरंडोलची_लेक

होऊ शकतं, झालेलं आहे. आयटी पार्कांतले बरेच टॉवर सेझमध्ये, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रात होते. मार्च २०२० नंतर तिथे येणाऱ्या नव्या कंपन्यांना आयकराची सवलत उरली नाही. त्यात कोविड आला. जुने भाडेकरू गेले की ती जागा सेझबाहेरच्या कंपनीला देता येत नव्हती, कारण पूर्ण इमारतीचाच दर्जा बदलावा लागे. मी स्वतः तयार मजले दीड-दीड वर्ष कुलूप लावलेले पाहिलेत, खाली चौकशीला लोक येत असताना. डिसेंबर २०२३ ला मजल्यागणिक दर्जा बदलायची मुभा मिळाली, तेव्हा जागा भरायला लागल्या. त्या काळात काही रीटचं प्रति युनिट वाटप खाली आलं आणि किंमतही. एम्बसीचं युनिट २०१९ ला ३०० ने आलं, २०२३ मध्ये पुन्हा ३०० च्या आसपासच होतं. चार वर्षं वाटप मिळालं, किंमत तिथेच. ज्याला अधल्यामधल्या वर्षी चढ्या भावात घेऊन तेव्हा विकावं लागलं, त्याने तोटा सोसला.

ओळखायचं म्हणाल तर तिमाहीच्या निकालात मी दोनच गोष्टी आधी बघते. किती टक्के जागा भाड्याने गेलीय, ती सलग तीन-चार तिमाही घसरते आहे का. आणि मालमत्तेच्या तुलनेत कर्ज चढतंय का. वाटप तेवढंच ठेवून कर्ज दरवर्षी चढत असेल आणि नवी इमारत काही दिसत नसेल, तर तो पैसा भाड्याचा नाही. भाडंवाढीचं सांगायचं तर आमच्या करारांत बहुतेक दर तीन वर्षांनी १५ टक्के वाढ लिहिलेली असते. म्हणजे वाढ येते, पण दरवर्षी नाही.

सारंगखेडेकर

माझ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही. किमतीची वाढ?

भुसावळ_लोको

भाऊ, तुमच्या मेव्हण्याच्या फ्लॅटचं गणित केलं. ११ चे २८, पंधरा वर्षांत. वर्षाला साडेसहा टक्क्यांच्या आसपास येतं, मुद्रांक आणि दलाली न धरता. वाईट नाही, पण त्यांनी तो नवा घेतला होता. सर जुना घेतायत. जुन्या इमारतीत तुमच्या वाट्याची जमीन वाढते, बांधकाम घसरतं. माझा २०१६ चा फ्लॅट आज विकायला काढला तर घातलेल्या पैशांवर किरकोळच वर मिळतील. गिऱ्हाईक येतं, म्हणतं लिफ्ट नाही.

दवाखान्याच्या मुद्द्यावर मात्र तुमच्याशी सहमत. राहायला लागणार असेल तर त्या घराला भाड्याच्या तराजूत तोलूच नये.

सारंगखेडेकर

सगळ्याच वस्तीत घसरत नाही. महाबळकडे जुन्या फ्लॅटलाही उठाव आहे. एकाच भुसावळच्या फ्लॅटवरून आख्ख्या खान्देशाचं ठरवू नका. बाकी जागा बघून ठरवावं एवढंच माझं म्हणणं.

भुसावळ_लोको

तेही खरं. बोरीकाठचे भाऊ, मजला कितवा आहे?

बोरीकाठचा

चौथा. वर गच्ची.

भुसावळ_लोको

मग सरांना घेऊन एप्रिल-मेमध्ये दुपारी अडीचला तिथे जा आणि अर्धा तास आत बसा. आपल्याकडे पारा ४५ ला जातो. गच्चीखालच्या घरात स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेला असतो. कुटुंब घेऊन राहणारा भाडेकरू एक उन्हाळा काढतो आणि मे अखेर सोडतो, मग पोरांना द्यावं लागतं, आणि विद्यार्थी परीक्षा झाली की तीन महिने घरी जातात. त्या फ्लॅटला मोकळा महिना एक नाही, दोन-अडीच धरा. तसं धरलं तर माझे ६१ हजार ५० च्या आसपास येतात.

आणखी एक करा. संध्याकाळी आठला इमारतीसमोर उभं राहून किती खिडक्यांत दिवा आहे ते मोजा. मग सेक्रेटरीला भेटून विचारा, भाड्याचे फ्लॅट किती, मोकळे किती, उन्हाळ्यात टँकरचे किती पैसे काढावे लागतात. एजंट भाड्याचा आकडा सांगेल, सेक्रेटरी मोकळ्या महिन्यांचा. बोअर आटली की टँकरचा खर्च मेंटेनन्सवर येतो, भाडेकरू देत नाही.

केळीबाग_रावेर

ताई, मी आधी चिडून लिहिलं. एक विचारू का? मला एकाने मेसेज पाठवलाय, छोटा रीट, १० लाख भरा, एकाच इमारतीत हिस्सा. हे पण सेबीचं आहे का?

एरंडोलची_लेक

दादा, तसा प्रकार आहे खरा. २०२४ पासून लघु आणि मध्यम रीटला परवानगी मिळाली, आणि किमान रक्कम १० लाखच आहे. पण मेसेजवर विसंबू नका. सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत संस्थांची यादी असते, तिथे नाव सापडलं नाही तर विषय संपला. सापडलं तरी माझी भीती वेगळी आहे: एकच इमारत, बहुधा मोजकेच भाडेकरू. मोठा भाडेकरू गेला तर तुम्ही पुन्हा लोको भाऊंच्या फ्लॅटच्या जागी, फक्त १० लाख घालून. आणि विकायला गिऱ्हाईक मिळेल याची खात्री मोठ्या रीटसारखी नाही.

बोरीकाठचा

मंडळी, वडिलांना दोन्ही कागद वाचून दाखवले. दोन टक्क्यांवर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, सहा टक्के देणाऱ्याचं युनिट पडलं तर मी कुणाच्या दारात जाऊन उभा राहू? फ्लॅटला निदान कुलूप लावता येतं. ताई, याचं उत्तर मला देता आलं नाही.

तूर्त ठरलं ते असं. वडिलांचं डीमॅट खातं उघडतोय, आईला नॉमिनी करतोय. ३० पैकी ६ लाख दोन वेगवेगळ्या रीटमध्ये, तेही एकदम नाही, चार हप्त्यांत. वाटप थेट पेन्शनच्याच बँक खात्यात येईल, म्हणजे पासबुकात पेन्शनखाली ती ओळ त्यांना दिसेल. त्यांच्यासाठी हे महत्त्वाचं आहे. बाकीचे २४ मुदत ठेवीत, आई ६० ची झाली की तिच्या नावाने बचत योजनेचं तेव्हा बघू. चौथ्या मजल्याच्या फ्लॅटला नाही सांगितलंय. पण सारंगखेडेकर भाऊ, महाबळचा पहिल्या मजल्यावरचा कुणाचा माहीत असेल तर कळवा. तो भाड्यासाठी नाही, त्यांच्या म्हातारपणासाठी बघतोय, आणि हिशेब तसाच वेगळा मांडीन.

एरंडोलची_लेक

खातं उघडताना बँकेचा तपशील डीमॅटमध्ये बरोबर भरलाय ना ते दोनदा बघा. वाटप डीमॅटला जोडलेल्या खात्यातच येतं. पुढे बँक बदलली आणि तिथे कळवलं नाही तर पैसे रीटकडे पडून राहतात आणि तुम्हाला वाटतं वाटपच झालं नाही. पहिलं पत्र आलं की त्यातले आकडे इथे टाका, ओळीओळीने बघू.

पांझरा_७२

मीही माझी जुनी पत्रं काढतो. विकताना खरेदी किंमत मी पूर्ण ४०० च धरून विवरणपत्र भरलं होतं, ते आता तपासावं लागेल. ताई, दुरुस्त विवरणपत्राची मुदत गेली असेल तर काय करतात?

एरंडोलची_लेक

कोणत्या वर्षी विकलंत ते सांगा. अद्ययावत विवरणपत्र म्हणून एक वाट असते, जास्तीचा कर भरून. पण आकडे घेऊन सीएकडेच जा, हे मी नुसतं अंदाजाने सांगणं बरोबर नाही.